हवा गरम, बोटं गार: अभ्यासाच्या टेबलाजवळ कोणता हीटर?



मागच्या हिवाळ्यात आमच्या गावातले एक पालक शाळेत आले. त्यांची धाकटी मुलगी माझ्याकडे पाचवीत, शिष्यवृत्तीच्या तयारीला बसलेली, आणि मोठी दहावीला. दोघी पहाटे साडेपाचला उठून एकाच टेबलावर अभ्यासाला बसायच्या. वडील म्हणाले, "मॅडम, लेकरं गारठतात म्हणून ब्लोअर आणला. खोलीत भणभण आवाज येतो, गरम वारं पण येतं. तरी लेकरांची बोटं गारच. पेन धरवत नाही म्हणतात. आणि बिल किती येईल याची धास्ती वेगळीच."

मी विचारलं, घर कसलं आहे? तर पत्र्याचं. भिंती विटांच्या, वर पत्रा, आणि पत्रा व भिंत यांच्यामध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट. आपल्या जालना जिल्ह्यात अशी घरं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हाच उत्तर अर्धं कळलं होतं, पण नुसतं "ब्लोअर परत करा" म्हणण्यापेक्षा असं का होतं ते त्यांना समजायला हवं होतं. गंमत म्हणजे त्याचं उत्तर त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. ते जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत.

मी त्यांना विचारलं, "भट्टीतून लालभडक लोखंड बाहेर येऊन तुमच्या समोरून जातं, तेव्हा तुम्हाला कुठे गरम लागतं?" ते म्हणाले, "तोंडाला, छातीला. एकदम चटका बसल्यागत. पाठीला काही नाही." मग विचारलं, "आणि ते पुढे निघून गेलं की?" "मग लगेच कमी होतं. थंडीत तर मागून गार वारं लागतं अन् पुढून भाजतं."

बघा, त्या शेडमध्ये हवा थंडच असते. शेड दोन्ही बाजूंनी उघडी, वारं खेळतं. तरी चार-पाच हातांवरच्या लोखंडाची ऊब चेहऱ्यापर्यंत पोहोचते, आणि लोखंड सरकलं की त्याच क्षणी थांबते. मधली हवा गरम होऊन ती ऊब आली असती तर ती सावकाश आली असती आणि सावकाश गेली असती. म्हणजे ही ऊब हवेवर बसून येत नाही. ती प्रकाशासारखी सरळ रेषेत येते.

सातवीच्या विज्ञानात आपण उष्णतेचे तीन मार्ग शिकवतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. मुलं तिन्ही शब्द पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात, पण तिसरा मार्ग त्यांच्या अंगावर रोज येतो हे त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. शाळेच्या मैदानावर सकाळी कोवळ्या उन्हात उभं राहिलं की ऊब वाटते आणि दोन पावलं झाडाच्या सावलीत गेलं की हुडहुडी भरते. दोन पावलांत हवेचं तापमान बदललेलं नसतं. बदललं ते फक्त एवढंच की सूर्याकडून येणारं प्रारण अडलं.

या प्रारणाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणारा असतो. त्याला अवरक्त किरण म्हणतात, इंग्रजीत इन्फ्रारेड. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग पसरवले आणि वेगवेगळ्या रंगांत तापमापी ठेवल्या. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापीचा पाराही चढला. युरेनस ग्रह शोधणारा तो हाच हर्शेल. दुकानात "इन्फ्रारेड हीटर" असं नाव ऐकलं की काहीतरी नवीन तंत्र असावं असं वाटतं, पण शेकोटीसमोर बसणारा प्रत्येक माणूस इन्फ्रारेडच शेकत आलेला आहे.

आता दोन्ही हीटर उघडून बघू, म्हणजे मनाने.

आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या क्वार्ट्झ हीटरमध्ये बहुतेक वेळा दोन नळ्या असतात, प्रत्येकी ४०० वॅटची. दोन्ही लावल्या की ८०० वॅट. नळीच्या आत नायक्रोमच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं असतं. वीज सोडली की मिनिटभरात तार केशरी-लाल होते. बाहेरची नळी साध्या काचेची न करता क्वार्ट्झची करतात, कारण क्वार्ट्झ तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावतच नाही. त्यामुळे पटकन तापलं, पटकन गार झालं तरी ते तडकत नाही, आणि तारेकडून येणारे बरेचसे अवरक्त किरण ते पलीकडे जाऊ देतं. मागे चकचकीत पत्रा असतो. तो मागे जाणारी ऊब पुढे वळवतो. त्यावर धूळ बसली किंवा तो काळवंडला की हीटर तेवढीच वीज खातो, पण समोर ऊब कमी येते. एक नळी पेटतच नसेल तर आतली तार तुटलेली असते किंवा तिचा स्विच गेलेला असतो, आणि मग ४०० वॅटवरच काम चाललेलं असतं. आपल्याला दिसणारा लाल उजेड हा त्यातला अगदी थोडा वाटा आहे. खरी ऊब न दिसणारी असते. ती त्वचेच्या अगदी वरच्या थरात शोषली जाते, म्हणून हीटरसमोर गेल्यागेल्या "लागली" असं वाटतं.

ब्लोअरमध्येही नायक्रोमची तारच तापते, पण तिच्यामागे पंखा असतो. पंखा गार हवा ओढतो, तारेवरून नेतो आणि गरम करून पुढे फेकतो. वारं सतत लागल्यामुळे तार लालबुंद होत नाही आणि प्रारणाचा वाटा नगण्य राहतो. साधारण ब्लोअरला १००० आणि २००० वॅट अशी दोन बटणं असतात. थोडक्यात, ब्लोअर आधी हवा तापवतो आणि ती हवा नंतर माणसाला तापवते. क्वार्ट्झ हीटर माणसालाच तापवतो, हवेचं बघू नंतर.

मग हवा तापवण्यात अडचण काय? हवा तापायला अगदी हलकी असते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीतली सगळी हवा वजनाला फक्त चाळीसेक किलो भरते. २००० वॅटचा ब्लोअर ती हवा कागदावर चार मिनिटांच्या आत दहा अंशांनी तापवू शकतो. पण कागदावरच. कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, पत्र्याखाली साचते आणि फटीतून बाहेर पडते. तिच्या जागी दाराखालून पहाटेची गार हवा आत येते. म्हणजे त्या घरात ब्लोअर पत्र्याखालून गाव तापवत होता, असं मी त्या पालकांना म्हटलं तेव्हा ते खूप हसले.

घर पत्र्याचं नसेल, पक्कं असेल, तरी दुसरी गोष्ट आडवी येते. त्याच खोलीवरचा पाच इंची स्लॅब वजनाला तीन टनांपेक्षा जास्त असतो, भिंती वेगळ्याच. चाळीस किलो हवा तापली तरी तीन टनांचा स्लॅब रात्रभर गार झालेला असतो आणि तो हवेतली ऊब शोषत बसतो. ब्लोअर बंद केला की दहा मिनिटांत खोली पुन्हा गार का होते, त्याचं कारण हेच.

आता माणसाकडून बघू. शांत बसलेलं मोठं माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सतत तयार करतं आणि ती बाहेर टाकतं, मूल त्यापेक्षा कमी. ती बाहेर जाण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक, अंगाला लागणारी हवा. दुसरी, प्रारण. आपण लाल दिसत नसलो तरी आपलं शरीरही अवरक्त किरण टाकत असतं, आणि आजूबाजूच्या भिंती, छत, फरशी आपल्याकडे टाकत असतात. भिंत आपल्यापेक्षा गार असेल तर देणं जास्त आणि घेणं कमी. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री आकाशाकडे ऊब टाकून टाकून जुना पत्रा तर बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्यावरून दवाचं पाणी ठिबकतं ते त्यामुळेच. अशा पत्र्याखाली बसलेलं लेकरू डोक्यावरच्या गार पत्र्याला आपली ऊब सतत देत असतं, मग भोवतालची हवा थोडी गरम असली तरी.

बसलेल्या माणसासाठी, वारं फारसं नसेल तर, एक ढोबळ हिशोब चालतो. हवेचं तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान, या दोघांची सरासरी म्हणजे माणसाला "वाटणारं" तापमान. तापमापी हवेचं सांगते, शरीराला दोन्ही कळतात. हा हिशोब पाचवीच्या मुलालाही करता येतो, आणि तोच आम्ही त्या घरी करून पाहिला.

एका रविवारी पहाटे मी शाळेच्या प्रयोगपेटीतल्या तीन तापमापी घेऊन त्यांच्याकडे गेले. एक टेबलावर, एक पायाशी स्टुलाच्या दांडीला, एक काठीला बांधून पत्र्याखाली. सुरुवातीला टेबलापाशी हवा १३ अंश होती. २००० वर ब्लोअर अर्धा तास चालवला. टेबलापाशी १६ झाले, पायाशी १४, आणि पत्र्याखाली चक्क २३. भिंती आणि पत्रा १२ च्या आसपास धरले तर आधी वाटणारं तापमान साडेबारा होतं आणि आता १६ व १२ यांची सरासरी, म्हणजे १४. एक युनिट वीज जाळून लेकरांच्या वाट्याला दीड अंश आला, आणि तोही वारं लागत असल्यामुळे पूर्ण नाही. वारा अंगावरून गेला की तो जरा कोमट असला तरी त्वचेवरची स्वतःची उबदार हवेची पातळ साय काढून नेतो. ब्लोअरचा झोत लांबून येईपर्यंत गार हवेत मिसळून कोमट झालेला असतो. म्हणून त्या मुली म्हणायच्या, वारं गरम आहे पण अंगाला गार लागतं. त्या खोटं बोलत नव्हत्या.

डोक्यापाशी गरम आणि पायापाशी गार हा प्रकारही बसणाऱ्याला फार जाचतो. आरामाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत बसलेल्या माणसाचं डोकं आणि घोटे यांच्या हवेत तीन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा असं धरतात. ब्लोअरने हा फरक लवकर वाढतो. डोकं जड होतं, झापड येते, पाय मात्र बर्फ. पहाटेच्या अभ्यासाला याहून वाईट जोडी नाही.

मग दारं उघडून खोली पुन्हा गार होऊ दिली, आणि शेजाऱ्यांकडून आणलेला ८०० वॅटचा क्वार्ट्झ हीटर टेबलापासून साधारण तीन फुटांवर ठेवला. अर्ध्या तासाने टेबलापाशी हवा होती फक्त १४ अंश. ब्लोअरपेक्षा दोनने कमी! वडिलांचा चेहरा पडला. पण धाकटी म्हणाली, "मॅडम, आता छान वाटतंय." मोठीने स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

इथे तापमापी वाचण्याची एक युक्ती आहे, ती वर्गात जरूर करा. एका तापमापीच्या फुग्याला दिव्याची काजळी लावली आणि ती हीटरकडे उघडी ठेवली, दुसरीच्या पुढे वही आडवी धरली. वहीच्या सावलीतल्या तापमापीने १४ दाखवले, उघडीने १७. एकच जागा, एकच हवा, तीन अंशांचा फरक. तो फरक हवेचा नाही, प्रारणाचा आहे. तापमापीचा फुगा इवलासा असल्याने त्याला वारं पटकन गार करतं. माणसाचं अंग आणि त्यावरचा स्वेटर यांना ऊब त्यापेक्षा चांगली धरता येते.

हिशोब पुन्हा करा. तीन फुटांवरून क्वार्ट्झ हीटरची जी ऊब एका मोठ्या माणसाच्या समोरच्या बाजूवर पडते ती ढोबळमानाने ४०-५० वॅट धरता येते. ऐकायला थोडी वाटते, पण शरीर स्वतः १०० वॅटच तयार करतं हे लक्षात घेतलं तर ती मोठी भर आहे. भोवतालचे पृष्ठभाग १२ ऐवजी १९ अंशांचे असल्यासारखा तिचा परिणाम होतो. १४ आणि १९ यांची सरासरी साडेसोळा. ब्लोअरने १४, क्वार्ट्झने साडेसोळा, आणि वीज अर्ध्या तासाला एक युनिटऐवजी पॉइंट चार युनिट.

बोटांचं काय? शरीराला गारठा वाटला की ते आधी हातापायांच्या बोटांकडे जाणारं रक्त कमी करतं, आतले अवयव उबदार राहावेत म्हणून. त्यामुळे बोटं आखडतात ती फक्त बोटांना थंडी लागते म्हणून नाही, छाती-पोटाला पुरेशी ऊब नाही म्हणूनही. त्यामुळे हीटर नुसता हातावर रोखून भागत नाही. त्याचा रोख छाती, पोट आणि मांड्यांकडे असावा, मग बोटं आपोआप मोकळी होतात. त्या दिवशी वीसेक मिनिटांनी मोठीचं अक्षर वहीत सरळ झालेलं मी पाहिलं.

आता जागा. इथेच बहुतेक घरांत चूक होते. प्रारण सरळ रेषेत जातं, म्हणून त्याला सावली असते. हीटर टेबलाच्या पलीकडे ठेवला तर टेबलाच्या फळीची सावली मांड्यांवर आणि पायांवर पडते. चेहरा भाजतो, पाय गार. मागे ठेवला तर खुर्चीची पाठ अडवते. सगळ्यात बरी जागा म्हणजे बाजूने, थोडा तिरका, टेबलाच्या फळीखालून मांड्या व पाय आणि वरून कूस दिसेल असा. मुलाने हीटरकडे बघितलं आणि हीटरला त्याचे गुडघे "दिसत" असतील तर जागा बरोबर आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून ठेवा, म्हणजे लिहिताना कोपर किंवा बाही हीटरकडे जाणार नाही. भिंतीवर उंच, डोक्यावर टांगू नका. बाजूने आलेली असमान ऊब माणूस बरीच सहन करतो, पण डोक्यावरून येणारी थोडीशीसुद्धा लवकर नकोशी होते.

अंतराचा नियम कडक आहे. तीन फुटांवरून सहा फुटांवर नेलात तर ऊब निम्मी राहत नाही, जवळपास पाव राहते. म्हणून "खोलीच्या कोपऱ्यात ठेवू, सगळ्यांना मिळेल" हे क्वार्ट्झच्या बाबतीत चालत नाही. उलट फार जवळही नको. कापड तीन फुटांच्या आत येऊ नये, आणि रोज तासन् तास पायांच्या नडग्या जवळून शेकल्या तर कातडीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग पडतात. काश्मीरमध्ये फिरनच्या आत कांगडी घेऊन बसणाऱ्यांना असे डाग पडतात हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. डाग दिसायला लागले तर हीटर लांब न्यायचा, मलम शोधत बसायचं नाही.

एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने गार, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती क्वार्ट्झची मर्यादाच आहे. शेकोटीसमोर आजोबा मधूनमधून पाठ फिरवून बसायचे ते याचसाठी. अभ्यासात पाठ फिरवता येत नाही, म्हणून पाठीवर शाल किंवा गोधडी घ्यावी आणि हीटरकडची बाजू मोकळी ठेवावी. गोधडीचा पदर लोंबता नको, खोचलेला हवा.

ब्लोअर सगळीकडे वाईट असं मात्र लिहू नका कुणी. छोटी बंद खोली असेल, वर स्लॅब असेल, चार-पाच मुलं इकडेतिकडे हलत असतील, किंवा अंघोळ झालेल्या बाळाला पुसायचं असेल, तर तिथे हवा तापवणंच सोयीचं. क्वार्ट्झसमोर एक-दोनच जण नीट बसू शकतात. पक्क्या घरात मी स्वतः आधी दहा मिनिटं ब्लोअर आणि मग तो बंद करून क्वार्ट्झ, असं करते. ऑइल भरलेल्या हीटरलाही रेडिएटर म्हणतात, पण नावावर जाऊ नका, तो बराचसा हवाच तापवतो, फक्त आवाज न करता.

"ब्लोअरने हवा कोरडी होते, क्वार्ट्झने होत नाही" असं दुकानदार सांगतात. पूर्ण खरं नाही. कुठलाच विजेचा हीटर हवेतलं पाणी काढून घेत नाही, आणि ऑक्सिजन तर अजिबात जाळत नाही. पण हवा तापली की तेवढ्याच पाण्याची तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते. १२ अंशांना ६० टक्के असलेली हवा २२ अंशांना नेली की ती ३२ टक्क्यांच्या आसपास येते. ब्लोअर हवा जास्त तापवतो आणि ती डोळ्यांवर, ओठांवर फेकतोही, म्हणून कोरडेपणा जाणवतो. ऑक्सिजन जाळते ती कोळशाची शेगडी, आणि ती विषारी कार्बन मोनॉक्साइडही सोडते. त्याला वास नसतो. बंद खोलीत शेगडी नकोच.

आता विजेचा भाग, कारण आपल्याकडे घात इथे होतो. २००० वॅटचा ब्लोअर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो. बोर्डावरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्याला ब्लोअर लावला, किंवा स्वस्त एक्स्टेन्शनवर लावला, तर पिना तापतात आणि प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. प्लगला हात लावून पाहा. कोमटपेक्षा जास्त लागला तर लगेच बंद करा. ब्लोअरला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. ८०० वॅटचा क्वार्ट्झ साडेतीन अँपिअर ओढतो, तो लहान सॉकेटवर चालतो, पण तीन पिनांचा आणि अर्थिंग असलेला.

गावात पहाटे सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. ते १९० झालं तर ८०० वॅटचा हीटर साडेपाचशे वॅटच देतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. क्वार्ट्झमध्ये हे डोळ्यांना दिसतं: नळी केशरी न राहता मंद तांबडी होते. तेव्हा हीटर बिघडला समजून दुकानात नेऊ नका, दुपारी लावून बघा. ब्लोअरचा पंखाही कमी व्होल्टेजला मंदावतो, आणि मंद पंख्यामुळे आत जास्त उष्णता साचली तर त्याचा सुरक्षेचा स्विच आपोआप तोडतो. पडद्याने तोंड झाकलं गेलं तरी तेच होतं.

आणि एक गोष्ट मला त्या पहाटे त्यांच्या घरात पाऊल ठेवताच दिसली. खोलीच्या अर्ध्या भागात कापूस भरलेला होता. भाव चढायची वाट बघत आपल्याकडे वेचणीनंतर कापूस महिनोन् महिने घरात राहतो, पाऊण खोली कापूस आणि पाव खोलीत माणसं. लालबुंद तार आणि सुटा कापूस एका खोलीत नको, मग नळी क्वार्ट्झची असो की जाळी कितीही बारीक असो. हवेत उडणारी कापसाची तंतं जाळीला चिकटतात. ब्लोअर तर ती आत ओढून घेतो. म्हणून तापमापी लावण्याआधी आम्ही टेबलच शेजारच्या खोलीत हलवलं होतं.

हीटर आडवा पडला की आपोआप बंद होणारा स्विच बहुतेक क्वार्ट्झ हीटरच्या तळाशी असतो. विकत घेतल्यावर तो काम करतो का ते थंड हीटर चालू करून, नळी लाल होण्याआधीच जरा तिरपा करून बघा. फरशी खडबडीत असेल, शहाबादीचे सांधे उंचसखल असतील, तर तो स्विच उभ्या हीटरलाही बंद पाडतो. त्या घरात नेमकं तेच झालं. खाली एक सपाट फरशीचा तुकडा ठेवला आणि काम झालं.

पुढे ब्लोअर त्यांच्या भावाच्या स्लॅबच्या घरी गेला, त्यांनी क्वार्ट्झ घेतला, आणि पत्र्याखालच्या फटीत जुन्या पोत्यांचे बोळे कोंबले. फक्त एका बाजूची थोडी फट मोकळी ठेवली, कारण त्याच घरात पलीकडे चूल आहे. धाकटीने नंतर वर्गात काजळीच्या तापमापीचा प्रयोग स्वतः करून दाखवला. तिच्या मैत्रिणीने विचारलं, "मग पांढरी काजळी लावली तर?" आम्ही दुसऱ्या फुग्याला चॉकलेटचा चकचकीत कागद गुंडाळला आणि तिघींनी मिळून आकडे फळ्यावर लिहिले. तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर काजळी, साधी काच आणि चकचकीत कागद असे तीन आकडे इथे खाली नक्की लिहा, सोबत हीटरपासूनचं अंतर आणि वहीच्या सावलीतलं तापमानही.